‘वगळला’, ‘बंद’ की ‘बंद ठेवला’? फ्लॅग लावून थांबवलेल्या जॉबला अहवालात काय म्हणावं

रातराणी
आमचे १४ जॉब रात्री ओळीने चालतात आणि सकाळी त्यांचा अहवाल मेलवर येतो. वाचणारी मंडळी प्रोग्रामर नाहीत, म्हणून अहवाल मराठीत आहे. कॉन्फिगमध्ये प्रत्येक जॉबला `enabled` असा फ्लॅग आहे. तो `false` असला की जॉबचा कोड दारातूनच परत फिरतो. एक्झिट कोड मात्र ०, त्यामुळे अहवालात अशी ओळ यायची:

```
जुन्या फायलींची साफसफाई    यशस्वी    ० फायली
```

सर्व्हर हलवताना दोन दिवसांपुरती साफसफाई बंद केली होती, पुन्हा चालू करायची राहून गेली. तेवीस सकाळी आम्ही ‘यशस्वी’ वाचलं आणि चोविसाव्या दिवशी डिस्क भरली. शेजारचा ‘० फायली’ रोज डोळ्यांसमोर होता, पण ‘यशस्वी’च्या पुढे कोण वाचतंय!

आता वेगळी स्थिती दाखवायची आहे. मी ‘वगळला’ लिहिलं. सहकारी म्हणते, “वगळला म्हणजे यादीतूनच काढलास की काय?” तुम्ही काय लिहाल?

पाटीपेन्सिल
‘बंद’ लिहा आणि मोकळे व्हा. दोन अक्षरं, सगळ्यांना कळतात.

अनुस्वार
कळतात, पण प्रत्येकाला वेगळं. मराठीत नुसत्या ‘बंद’ने काम भागत नाही, त्याच्यामागचं क्रियापद सगळं सांगतं. जॉब बंद पडला म्हणजे आपला आपण मोडला, कुणाला तरी बोलवा. बंद केला म्हणजे कधीतरी, एकदा केलेली कृती. बंद ठेवला म्हणजे कुणीतरी मुद्दाम थांबवला आणि आजही तो तसाच आहे. तुमचा फ्लॅग रोज रात्री नव्याने वाचला जातो आणि रोज ‘नको’ म्हणतो, म्हणून तिथे ‘ठेवला’च हवं. सकाळी घाईत नुसतं ‘बंद’ वाचणारा माणूस ‘बंद पडला’ असंच समजणार, कारण अहवालात आपण आधी वाईट बातमी शोधतो.

हाच फरक ‘चालला नाही’ आणि ‘चालवला नाही’ यांत आहे. पहिल्यात दोष जॉबकडे जातो, दुसऱ्यात निर्णय माणसाकडे. एका ‘व’चा खेळ आहे, पण रात्री अडीचला फोन करायचा की नाही ते तो ‘व’ ठरवतो.

ढगातला
‘स्थगित’ हा शब्द आहे की. कुबरनेटीसमध्ये क्रॉनजॉबला `suspend: true` देतात, ते हेच. शब्द भारदस्त आहे आणि लिंगाची भानगडही नाही.

जुनाजाणता
लिंगाचं खरं. बाकी ‘हेच’ नाही. `suspend` मध्ये वेळापत्रक चालूच राहतं आणि त्या काळातल्या फेऱ्या चुकलेल्या म्हणून धरल्या जातात. `startingDeadlineSeconds` दिलेलं नसेल तर `suspend` काढल्याबरोबर चुकलेलं काम लगेच सुरू होऊ शकतं. म्हणजे काम डोक्यावर आहे, पुढे ढकललंय, आणि मराठीत ‘स्थगित’ ऐकल्यावर आपण हेच समजतो: सभा स्थगित झाली म्हणजे पुन्हा भरणार. रातराणींचा फ्लॅग काहीच शिल्लक ठेवत नाही. तेवीस रात्रींचं काम कुठल्याही रांगेत उभं नव्हतं. ‘स्थगित’ वाचून लोक निर्धास्त झाले असते.

‘वगळला’ मात्र टाकून देऊ नका, त्याला वेगळी जागा आहे. समजा साफसफाईनंतर ‘जागेचा हिशेब’ हा जॉब चालतो आणि साफसफाई झाली नाही म्हणून तोही चालवायचा नाही. त्याचा स्वतःचा फ्लॅग `true`च आहे. तो वगळला. एअरफ्लोमध्ये वरचा टास्क `skipped` झाला की नेहमीच्या नियमाने खालचाही `skipped` होतो, आणि मग दहा ओळी एकाच रंगात दिसतात. मूळ कारण कुठल्या ओळीत आहे ते शोधत बसा. म्हणून ज्याच्यावर माणसाने हात ठेवला तो ‘बंद ठेवला’ आणि त्याच्यामुळे जे राहिले ते ‘वगळले’. दोन्हींना एकच शब्द लावलात तर दुरुस्ती कुठे करायची ते अहवाल सांगणार नाही.

एकांडा
माझ्याकडे क्रॉनटॅबमध्ये ओळीपुढे `#` टाकून जॉब बंद केला होता. मला अहवालात कुठलाच शब्द दिसला नाही, ना बंद, ना वगळला. मग कुठला शब्द छापायचा हा प्रश्न येतोच कुठे?

जुनाजाणता
तुमचं दुखणं निराळं आहे. `#` टाकल्यावर ती ओळ क्रॉनच्या लेखी उरतच नाही, मग अहवाल लिहिणार कोण? फ्लॅगचा फायदाच हा की जॉब जागा होतो, फ्लॅग वाचतो आणि ‘मला थांबवलंय’ असं सांगू शकतो. फक्त त्याला ते सांगायला लावावं लागतं. तुमच्या बाबतीत चालायला हव्या असलेल्या जॉबांची यादी वेगळी ठेवून अहवालाशी ताडून बघणं, एवढंच हाती आहे.

पाटीपेन्सिल
पण ‘बंद ठेवला’ सगळ्या जॉबांना कसं चालेल? साफसफाई ‘ठेवली’, बॅकअप ‘ठेवला’, पत्रक ‘ठेवलं’. जॉबचं नाव टेम्प्लेटमध्ये भरलं जात असेल तर निम्म्या ओळी परभाषेतून आल्यासारख्या वाटतील.

अनुस्वार
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. मग क्रियापद सोडून निर्णय कुठे झाला ते लिहा: ‘सेटिंगमध्ये बंद’. लिंग नाही, आणि ‘बंद पडला’ असा अर्थही निघत नाही, कारण सेटिंगमध्ये काही आपोआप पडत नाही.

जुनाजाणता
पडतं! पायथनमध्ये `bool("false")` चं उत्तर `True` येतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येणारं मूल्य ही नुसती अक्षरं असतात, त्यामुळे बंद करायला लिहिलेलं `false` जॉब चालू ठेवू शकतं. उलट बाजूने, कुणी `enabled` च्या जागी `enabld: true` लिहिलं आणि मूळ मूल्य `false` असेल, तर जॉब कुणी न ठरवताच बंद. म्हणून शब्दाशेजारी वाचलेली किल्ली, मूल्य आणि ते कुठून आलं, एवढं तरी छापा. ‘फाइलमधून’ आणि ‘किल्ली सापडली नाही, मूळ मूल्य धरलं’ या दोन फार वेगळ्या बातम्या आहेत.

रातराणी
काल रात्री हे लावलं. आजची ओळ:

```
जुन्या फायलींची साफसफाई    सेटिंगमध्ये बंद
    cleanup.enabled = false (jobs.yaml), सलग रात्री: ३
एकूण १४: यशस्वी १२, अयशस्वी ०, सेटिंगमध्ये बंद १, वगळले १
```

साफसफाई मी चाचणीसाठी मुद्दाम बंद ठेवली आहे. ‘सलग रात्री’ ही सहकारीची कल्पना. ती म्हणते, तिसऱ्या रात्री तो आकडा नजरेत भरत नाही, तेविसाव्या रात्री नक्की भरला असता. बेरीज १४ येते, तेही बरं वाटलं. आधी बंद जॉब सरळ गाळायचा आणि ‘१३ पैकी १३ यशस्वी’ लिहायचं असाही एक प्रस्ताव होता.

ढगातला
एक्झिट कोड ०च ठेवलात का? गिटहब ॲक्शन्समध्येही `if` अटीमुळे न चाललेला जॉब यशस्वी म्हणूनच धरला जातो.

रातराणी
हो, ०च. ठरवून बंद ठेवलेल्या जॉबसाठी रोज लाल दिवा लागला तर आठवड्यात लाल दिव्याकडे कोणी बघणार नाही.

जुनाजाणता
मला पटत नाही. ० म्हणजे ‘काम झालं’. ऑटोमेकच्या चाचण्यांत वगळलेल्यासाठी ७७ हा वेगळा कोड ठेवलेला आहे, तसं काहीतरी करा.

रातराणी
आमचा शेड्यूलर ० सोडून सगळ्याला अपयश म्हणतो, तो बदलणं माझ्या हातात नाही. सध्या भांडण मेलच्या विषयावर आहे. तिथे अजून ‘सर्व जॉब यशस्वी’ जातंय.

अनुस्वार
‘सर्व’ काढा.

पाटीपेन्सिल
‘अपयश नाही’ कसं वाटतं?

रातराणी
सहकारीला विचारते. तिला ‘नाही’ने सुरू होणाऱ्या दिवसाचा राग येतो.