मदत हवी आहे: 'आपण' आणि 'स्वतः' यांची बाइंडिंग चाचणी कशी बांधू?

मृण्मयी_के:
नमस्कार. एम.ए. भाषाविज्ञानाच्या प्रबंधासाठी मराठीतल्या 'स्वतः' आणि 'आपण' या दोन शब्दांची चाचणी घेते आहे. चॉम्स्कीच्या १९८१ च्या मांडणीप्रमाणे ज्याला अॅनाफर म्हणतात त्याचा धनी, म्हणजे तो शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो तो, त्याच्याच उपवाक्यात सापडायला हवा, आणि साध्या सर्वनामाचा धनी त्या उपवाक्यात असून चालत नाही. 'स्वतः' पहिल्या खणात नीट बसतो. 'आपण' मात्र धन्याशिवाय राहत नाही आणि तरीही धनी दूरचाच मागतो. हे वाचून माहीत आहे, पण मला ते प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून तपासायचं आहे.

अडचण अशी. प्राथमिक फेरीत मी ही दोन वाक्यं दिली आणि रंग कोणाला लागला ते विचारलं.

रमेश म्हणाला की सुरेशने आपल्याला रंग लावला.
रमेशने सुरेशला स्वतःला रंग लावायला सांगितलं.

पहिल्यात काहींनी 'रमेशला' म्हटलं, बऱ्याच जणांनी 'आपल्या सगळ्यांना' म्हटलं. दुसऱ्यात 'सुरेशने सुरेशला' हे उत्तर येईल असं वाटलं होतं, पण काही जण म्हणाले की रंग कोणाला लावायचा ते वाक्यात सांगितलेलंच नाही. या उत्तरांवरून तत्त्व मोडलं असं म्हणायचं की चाचणीच भलतं काही मोजते आहे? वाक्यं कशी बदलू?

शाळामास्तर:
मृण्मयीताई, तीस वर्षं व्याकरण शिकवलं म्हणून सांगतो. 'आपण' दोन प्रकारचा. 'आम्ही', 'तुम्ही' या अर्थाने आला तर पुरुषवाचक, 'स्वतः' या अर्थाने आला तर आत्मवाचक. 'आपण' काढून तिथे 'स्वतः' घालून बघा. अर्थ टिकला तर आत्मवाचक. हीच चाचणी पुरेशी आहे.

मुद्रितशोधक:
मला हा प्रश्न रोज पडतो. 'रमेशने त्याचं पुस्तक घेतलं' असं लिहून येतं, मी ते 'आपलं पुस्तक' करते. हल्ली लेखक वाद घालतात की 'त्याचं' पण चालतं. इंग्रजीच्या वळणाने चालायला लागलंय, पण बरोबर 'आपलं'च ना? कुणीतरी एकदा निकाल द्या.

वाक्यविचार:
मुद्रितशोधक, तुमचा प्रश्न चांगला आहे पण वेगळा आहे. तरी मृण्मयीने त्यातून एक गोष्ट घ्यावी: 'आपला' हे षष्ठीचं रूप चाचणीतून पूर्ण बाहेर ठेवा. 'रमेशने आपली पिचकारी आणली' यात धनी त्याच वाक्यातला रमेश आहे आणि ते सगळ्यांना चालतं. 'रमेशने आपल्याला रंग लावला' यात मात्र आजच्या मराठीत रमेश रंगत नाही. एकाच शब्दाची दोन रूपं दोन तऱ्हांनी वागतात. ती एकत्र मोजली तर सरासरी निघेल, पण ती कशाचीच नसेल.

मास्तर, तुमची कसोटी अर्ध्या वाटेपर्यंत नेते. 'रमेश म्हणाला की सुरेशने आपल्याला रंग लावला' यात 'आपल्याला'च्या जागी 'स्वतःला' घाला. वाक्य शुद्ध राहतं, पण आता रंगला सुरेश. म्हणजे तुमच्या कसोटीने हा 'आपण' आत्मवाचक ठरत नाही, आणि तो 'आम्ही' किंवा 'तुम्ही'ही नाही. काशी वाली यांनी मराठीतल्या या दोन शब्दांवर १९७९ मध्येच लिहिलं आहे. पुढे मेरी डॅलरिंपल यांनी १९९३ च्या पुस्तकात मराठीचा आधार घेऊन मांडलं की धनी कुठे हवा ही अट सगळ्या अॅनाफरांना मिळून एक नसते, प्रत्येक शब्द आपली अट बरोबर आणतो.

आता मृण्मयीचं पहिलं वाक्य. त्यात दोन चोरवाटा आहेत. एक म्हणजे 'आपल्याला' चा अर्थ 'तुला-मला' असाही होतो. दुसरी जास्त त्रासाची. मराठीत 'म्हणाला की' नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात: 'रमेश म्हणाला की मी येतो' यातला 'मी' रमेशच. त्यामुळे ऐकणाऱ्याने तुमचं वाक्य रमेशचं थेट बोलणं म्हणून घेतलं तर 'आपल्याला' म्हणजे रमेश आणि त्याची मंडळी. हे उत्तर पूर्ण बरोबर आहे, फक्त ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

म्हणून 'की' सोडा आणि '-आयला' घ्या. 'रमेशने सुरेशला … रंग लावायला सांगितलं' यात थेट बोलणं शिरूच शकत नाही. 'रमेशने सुरेशला मला रंग लावायला सांगितलं' यातला 'मला' म्हणजे वाक्य बोलणारा, रमेश कधीच नाही. एक वाट बंद झाली. 'तुला-मला' ही वाट चित्राने बंद करा: चित्रात दोनच मुलं, आणि गोष्ट सांगणारा त्यांच्यात नाही.

मृण्मयी_के:
खूप आभार. पण माझं दुसरं वाक्य '-आयला' चंच होतं, आणि तिथेही उत्तरं विस्कटली.

वाक्यविचार:
तिथे शब्दक्रम आडवा आला. 'मला स्वतःला हे पटत नाही' यातला 'स्वतःला' फक्त 'मला'वर जोर देतो, कर्म वगैरे काही नाही. तुमच्या वाक्यात 'सुरेशला स्वतःला' हे शेजारी शेजारी आणि एकाच विभक्तीत आहेत. काहींनी ते 'खुद्द सुरेशला सांगितलं' असं वाचलं. मग रंग कोणाला, हे वाक्यात खरंच उरलं नाही. ते लोक नीट वाचत होते.

दोघांमध्ये एक शब्द घाला:

रमेशने सुरेशला आधी स्वतःला रंग लावायला सांगितलं.
रमेशने सुरेशला आधी आपल्याला रंग लावायला सांगितलं.

आता दोन चित्रं. एकात सुरेश स्वतःच्या गालाला रंग लावतोय, दुसऱ्यात सुरेश रमेशला लावतोय. दोन शब्द, दोन चित्रं, म्हणजे चार जोड्या. 'लावायला'चा न दिसणारा कर्ता सुरेश आहे, त्यामुळे जवळचा धनी सुरेश आणि दूरचा रमेश. अपेक्षा अशी की 'स्वतःला' सुरेशच्या चित्रावर 'हो' मिळवेल आणि 'आपल्याला' रमेशच्या चित्रावर. अशा २४ गोष्टी रचा आणि चार याद्या करा. एका माणसाला प्रत्येक गोष्ट एकदाच दिसेल आणि प्रत्येक जोडीची सहा वाक्यं मिळतील. मधे निदान तितकीच वेगळी वाक्यं पेरा. त्यांत 'सुरेशने स्वतःला रंग लावला' यासारखी अगदी सरळही असू द्या. तिथे रमेश रंगलेल्या चित्राला जो 'हो' म्हणतो तो चित्राकडे बघत नाहीये. अशांची उत्तरं वेगळी ठेवायची, आणि हा नियम आधीच लिहून ठेवायचा.

मृण्मयी_के:
'आपल्याला' आणि सुरेशचं चित्र या जोडीला लोक 'नाही' म्हणाले, तर तत्त्व सिद्ध झालं असं धरायचं?

वाक्यविचार:
लगेच नाही. वाक्याचे दोन अर्थ शक्य असले तरी माणसाला पहिला सुचलेला अर्थ चित्राशी जुळला नाही की तो 'नाही' म्हणून मोकळा होतो. म्हणजे 'नाही' हे 'व्याकरणात बसत नाही' म्हणूनही येतं आणि 'मला ते सुचलं नाही' म्हणूनही. त्यासाठी गोष्टीचा कल मुद्दाम नकोशा अर्थाकडे झुकवायचा. उदाहरणार्थ: सुरेशला रंगाची भीती वाटते. रमेश समजावतो की आधी तुझ्याच बोटाने तुझ्याच गालाला लाव, मग भीती जाईल. सुरेश तसं करतो. आता 'आधी आपल्याला रंग लावायला सांगितलं' हे वाक्य द्या. सगळी परिस्थिती सुरेशच्या बाजूने असूनही लोक 'नाही' म्हणाले तर ते व्याकरण बोलतंय. इथे 'हो' वाढले तर आधीचे 'नाही' नुसत्या पसंतीचे होते.

मांडवीकाठ:
मी गोव्याचा, घरी कोंकणी बोलतो. आमच्या बातम्यांत रोज असतं: 'आपूण वेंचणूक लढयतलो अशें ताणें सांगलें.' इथे आपूण म्हणजे तोच सांगणारा. 'आपण सगळे' यासाठी आम्ही 'आमी' म्हणतो, त्यामुळे तुमचा हा घोटाळा आमच्याकडे होत नाही. मराठी बातमी वाचताना मात्र मी अजून अडखळतो.

वाक्यविचार:
मृण्मयी, कोंकणी बोलणारे मिळाले तर हा फार कामाचा शेजारी आहे. मराठीत 'त्याला वाटलं आपण चुकलो' यात क्रियापदही 'आम्ही चुकलो' सारखंच, त्यामुळे रूपावरून काही सुटत नाही. तुम्हाला कोंकणी माणूस मिळाला नाही तरी मराठीत 'प्रत्येक' वापरता येतो:

प्रत्येक मुलाने शेजाऱ्याला आधी आपल्याला रंग लावायला सांगितलं.
प्रत्येक मुलाच्या आईने शेजाऱ्याला आधी आपल्याला रंग लावायला सांगितलं.

पहिल्यात ज्याचा शेजारी त्यालाच रंग, असा वाटून जाणारा अर्थ निघतो. 'आपण सगळे' मधून तो निघत नाही. दुसऱ्यात रंगते ती आई. मूल वाक्यात आधी येतं, पण ते आईच्या पदबंधात आत अडकलेलं आहे. हे दोन्ही आले तर धनी नुसत्या संदर्भावरून नाही, रचनेवरून ठरतो असं म्हणायला जागा मिळते.

तैपेईहून:
चिनी शिकताना 'स्वतः' या अर्थाच्या 'झिजी'बद्दल हेच ऐकलं. तोही दूरचा धनी घेतो. पण मधल्या उपवाक्याचा कर्ता 'मी' असला की वाट बंद होते, बाहेरचा 'तो' धनी होऊ शकत नाही. म्हणजे सगळ्याच भाषांत 'मी' आडवा येत असणार. मराठीतही 'रमेशला वाटतं की मी आपल्याला टाळतो' मला चुकीचं वाटतं.

मुद्रितशोधक:
मला नाही वाटत. 'त्याला वाटतं मी आपल्याला टाळतेय' हे मी सहज म्हणेन, आणि टाळलेला तोच.

वाक्यविचार:
सगळ्या भाषांत नाही. जपानी 'झिबुन'ला असा अडसर होत नाही. मराठीत तुम्हा दोघांचं एकमत नाही, आणि एक शंका आहे: 'मी आपल्याला टाळतो' यातला 'आपल्याला' आदरार्थी 'तुम्हाला' असाही ऐकू येतो. तैपेईकरांना वाक्य खटकलं ते 'मी'मुळे की या आदरार्थामुळे, हे नुसत्या वाक्यावरून कळणार नाही. आई मुलाबद्दल बोलतेय असं दृश्य घ्या, 'रमेशला वाटतं की मी आपल्याला खाऊ देणार नाही'. तिथे आदरार्थ बसत नाही. मग विचारा.

शाळामास्तर:
वाक्यविचार, मुद्दा समजला. पण जुन्या गद्यात 'तो आपणांस शहाणा समजतो' असं सर्रास आहे, आणि आजही लोक 'तो आपल्याला फार शहाणा समजतो' म्हणतात. इथे धनी त्याच वाक्यात आहे की!

वाक्यविचार:
मास्तर, हे उदाहरण मला खरंच अडतं. एक उत्तर असं की 'आपल्याला शहाणा' हे आतलं छोटं वाक्य आहे, 'आपण शहाणा' असं, आणि 'तो' त्याच्या बाहेर. पण मग तिथे 'स्वतःला'ही तितक्याच सहज का चालतो, हे या उत्तराने सुटत नाही. मृण्मयी, 'समजणे' आणि 'म्हणवणे' ही क्रियापदं मुख्य चाचणीत घेऊ नका, वेगळ्या छोट्या यादीत ठेवा.

मृण्मयी_के:
यादी बदलते. अजून एक वाक्य विचारते, कारण घरातच त्यावर मतं फुटली: 'रमेशच्या पत्रात होतं की शाळेने आपल्याला काढून टाकलं.' मला काढलेला रमेश सरळ दिसतो. पण इथे रमेश कर्ता नाही, तो पत्राच्या षष्ठीत अडकलाय, 'प्रत्येक मुलाच्या आईने' मधल्या मुलासारखाच.

वाक्यविचार:
मलाही रमेशच दिसतो. पण हे 'की' चं वाक्य आहे, पत्रातले शब्द जसेच्या तसे आले असतील. '-आयला' मध्ये बसवा: 'रमेशच्या पत्राने सुरेशला आधी आपल्याला भेटायला भाग पाडलं.' इथेही रमेश टिकला तर 'आपण' कर्त्याला बांधलेला नाही, ज्याच्या नजरेतून सांगितलं जातंय त्याला बांधलेला आहे. माझ्या कानाला हे वाक्य डळमळीत लागतं.

मांडवीकाठ:
मला 'भेटायला' मध्ये रमेश चालतोय.

मुद्रितशोधक:
मला अजिबात नाही. मी 'त्याला भेटायला' करीन.