आवडायला लागलीयस, पण जरा दमाने

'तू मला आवडायला लागलीयस म्हटलं तर जास्त होईल का, अजून प्रेमबिम काही नाही', असं एकाने विचारलंय.

थोडं होईलच, कारण मराठीत माणसालाच 'आवडतेस' म्हटलं की समोरची बहुतेक वेळा ते प्रपोजच धरते. या प्रश्नावर बाकी सगळ्यांनी 'आवडतेस'चेच प्रकार सुचवलेत, पण सुरुवातीला तिच्याऐवजी बोलणं आवडू द्या ना. 'हल्ली तुझ्याशी बोलायला जास्तच आवडायला लागलंय.' यात 'हल्ली' आणि 'जास्तच' मुळे काहीतरी बदलतंय हे कळतं, पण मैत्रीत परत यायची वाट पण उघडी राहते, आणि मराठी शिकणाऱ्या नवशिक्याला सोयीचं म्हणजे 'लागलंय' मुलगा असो की मुलगी तसंच राहतं. त्यावर 'मला पण' आलं तर पुढे जा, 'हो का, छान' आलं तर विषय तिथेच सोडा.

मग हवं तर 'तू मला आवडायला लागलीयस', मुलाला म्हणायचं असेल तर 'लागलायस', म्हणजे क्रियापद समोरच्याप्रमाणे फिरतं, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. हिंदी-इंग्रजीतून येणारे इथेच घसरतात. आमच्या ऑफिसातल्या एका दिल्लीच्या मुलाने मोठ्या धीराने एकीला सांगितलं, 'मी तुला आवडायला लागलोय'. म्हणजे तीच याच्यावर भाळलीय असा अर्थ झाला की! ती शांतपणे म्हणाली, 'असं का, तुला कोणी सांगितलं?' नंतर कळलं की तिला राग नव्हता आला, पण तो बिचारा आठवडाभर कँटीनमध्ये तिच्या टेबलाकडे फिरकला नाही.