वास्तुशांत पत्रिका – वेळा कशा लिहू? आज रात्री छापायला द्यायचीय

मृणाल:
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. गंगापूर रोडच्या घराची वास्तुशांत 20 फेब्रुवारी, शुक्रवारी ठरली. गुरुजींनी प्रवेश 7.40 ला दिलाय आणि सासरे म्हणतात पत्रिकेवर तेवढंच मोठ्या अक्षरात घाल. पण मग मुंबईची सगळी मंडळी पावणेआठला कशी पोचणार? आचारी म्हणतो साडेबाराला पानं वाढतो, गुरुजी म्हणतात पूर्णाहुती झाल्याशिवाय नैवेद्य नाही आणि नैवेद्याआधी जेवण नाही. तुमच्यापैकी कोणी अलीकडे केलीय का?

प्रसाद:
मृणाल, 7.40 चुकलंय बहुतेक. मी ॲपवर बघितलं, त्या दिवशी कुंभ लग्न त्या वेळेला दाखवतच नाहीये. गुरुजींना परत विचार.

अरविंदकाका:
प्रसाद, तुझ्या ॲपमध्ये गाव कुठलं टाकलंयस? नाशिक सोडून आपल्या इथलं असेल तर अर्थातच वेगळं दिसणार, लग्न त्या जागेच्या सूर्योदयावर चालतं. नाशिकला त्या दिवशी सूर्योदय सातच्या जरा आधी आणि कुंभ सव्वाआठपर्यंत नाही टिकत, म्हणून 7.40. गुरुजींना स्थिर लग्न हवं असतं, त्यानंतरचं स्थिर म्हणजे वृषभ, ते साडेअकराच्या सुमारास लागतं. तेव्हा प्रवेश केलास तर दूध उतू घालून मग पूजेला बसायचं, म्हणजे जेवायला संध्याकाळ होईल. तेव्हा 7.40 बदलू नकोस.

मुहूर्त फक्त उंबरठा ओलांडायचा. कलश घेऊन तू, नवरा, सासू-सासरे, मुलं, बस्स. पुढचं सगळं घड्याळाला बांधलेलं नसतं. माझ्या धाकट्या भावाकडे पंचवटीचे तीन गुरुजी होते, साडेआठला गणपतीपूजन आणि पुण्याहवाचनाला बसले, नांदीश्राद्ध धरून दहा वाजले, वास्तुमंडल आणि ग्रहांची मांडणी अकराला संपली, हवन सुरू झालं ते पूर्णाहुती 12.35, मग आरती आणि आशीर्वाद. पहिलं पान एक दहाला वाढलं. एकच गुरुजी असतील तर तास-दीड तास जास्त धर.

संध्या काकू:
शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो गं, हवन त्यातच येतंय. माझ्या माहेरी कधीच केलं नसतं.

अरविंदकाका:
काकू, ते साडेदहा सूर्योदय सहाचा धरून आहे, फेब्रुवारीत नाशिकला तो सव्वाअकराच्या आसपास सुरू होतो. आणि प्रवेश तर त्याच्या कितीतरी आधी होतोय. पूजा एकदा सुरू झाली की आमच्याकडे राहुकाळ बघत नाहीत.

संध्या काकू:
तुमच्याकडे नसतील बघत. मी तरी गुरुजींना विचारीन.

सुनील:
मृणालताई, वास्तुप्रतिमा पुरायची जागा ठेवलीत का? आमच्या फ्लॅटला फरशीवाल्याने आग्नेयेची एक फरशी सिमेंट न घालता नुसती बसवून ठेवली होती. ऐनवेळी ती निघेना. छिन्नी-हातोडा आणेपर्यंत गुरुजी थांबले, वीस मिनिटं तिथेच गेली आणि खाली पाहुणे उन्हात उभे. आदल्या दिवशी एकदा काढून बघा.

मृणाल:
सुनीलदादा, चांगली आठवण केलीत, आज संध्याकाळीच बघते. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, खड्ड्याला खोली तीन इंचच मिळाली. गुरुजी म्हणाले चालेल.

जेवणाचं अजून अडलंच आहे. तपोवनने येणारे दहाच्या सुमारास नाशिकरोडला उतरतात, तिथून आमच्याकडे पाऊण तास, म्हणजे अकरा. एक वाजेपर्यंत ते उपाशी? दोन जणांना शुगर आहे.

संध्या काकू:
त्यांना आधी नाश्ता द्या! पोहे आणि चहा खाली पार्किंगमध्ये, नैवेद्याशी त्याचा काय संबंध. आमच्याकडे यजमान सोडून सगळे खायचे, मी तर दोन वाजता पहिला घास घेतला होता, चक्कर यायला लागलेली. यजमानीणबाईने दूध घेतलेलं चालतं, उपास मोडत नाही.

प्रसाद:
हो काका, ॲपमध्ये गाव आपलंच राहिलं होतं. सॉरी.

अरविंदकाका:
आचाऱ्याला साडेबारा नको सांगूस, एक सांग. पुऱ्या आणि जिलबी पूर्णाहुतीला बसलात की टाकायला सांग, त्याआधी नाही. वरणभात झाकून राहतो, पुऱ्या अर्ध्या तासात वातड होतात. निमंत्रणात 'जेवण 12.30' लिहिलंस तर लोक बरोबर साडेबाराला ताटाजवळ उभे राहतात आणि गुरुजी हवन घाईने उरकतात.

मृणाल:
मग असं लिहू का:
'प्रवेश स. 7.40 (घरची मंडळी). पूजेचे दर्शन स. 11 नंतर. पूर्णाहुती व आरती दु. 12.30 च्या सुमारास. भोजन दु. 1 ते 3. स. 10 पासून चहा-नाश्त्याची सोय आहे.'
सासरे म्हणतायत '12.30 च्या सुमारास' बरं दिसत नाही, नुसतं 'दुपारी' घाला.

सुनील:
'सुमारास' राहू द्या, नाहीतर प्रत्येक जण फोन करून विचारेल.

संध्या काकू:
आणि 1 ते 3 च्या ऐवजी 1 ते 3.30 लिही, नाशिककर तीनलाच येतात.