विषय: एबीएसचा दिवा लागतो, ब्रेक मात्र ठीक

नीलिमा, मिसिसागा

नमस्कार मंडळी,
वर्गणीची मेल नाही, घाबरू नका. आमच्या बारा वर्षं जुन्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागतोय. ब्रेक नेहमीसारखेच लागतात, पेडल घट्ट आहे. गराजवाल्याने पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर बदलला, पण आठवड्याभरात दिवा परत लागला आणि कोडही तोच आला, `C0035`. आता तो म्हणतो बेअरिंगसकट अख्खा हब बदलू. खर्च ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. काय करावं?

प्रसाद

ब्रेक लागतायत ना? मग चालवा बिनधास्त. एबीएस नसलेल्या गाड्या आपण पुण्यात वर्षानुवर्षं चालवल्या. फार तर मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजा, हजार-दोन हजार ओम आला की सेन्सर चांगला.

मेधाताई

आमच्याकडेही दिवा लागला होता. ब्रेक ऑइल कमी झालं होतं, भरलं आणि गेला. तेच बघ आधी.

शिरीषकाका, हॅमिल्टन

मेधाताई, तुमचा दिवा बहुधा लाल होता. तो वेगळा, आणि पिवळ्याबरोबर लालही लागला तर गाडी घराबाहेर काढू नये. एकटा पिवळा असेल तर पायाने दाबायचे ब्रेक चालतात, प्रसादचं तेवढं बरोबर आहे. पण जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा तेव्हा बंद असते. कोरड्या रस्त्यावर रोजच्या चालवण्यात हे कळतही नाही, कळतं ते जानेवारीत बर्फावर. तोवर अंतर जास्त ठेवून चालव.

रोध मोजायची गोष्ट मात्र जुन्या, नुसतं वेटोळं असलेल्या सेन्सरची. नीलिमाच्या गाडीच्या वयाचा सेन्सर बहुतेक वीज घेऊन चालणारा असणार. त्याचा ओममधला आकडा काहीच सांगत नाही, उलट मीटरने तो बिघडूही शकतो.

नीलिमा, एकच सांग: दिवा नेमका कधी लागतो? किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे लागून विझतात, तेव्हा हा विझतच नाही, की गाडी थोडी पुढे गेल्यावर लागतो?

नीलिमा

मुद्दाम चार दिवस बघितलं. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर विझतच नाही, गाडी जागेवर असतानाच. कोरड्या दिवशी अजिबात लागत नाही.

शिरीषकाका

मग हबसाठी पैसे देण्याची घाई करू नकोस. बेअरिंगच्या सीलमध्ये एक चुंबकीय कडं असतं, सेन्सर ते वाचतो. कड्याचा दोष चाक फिरल्याशिवाय यंत्रणेला कळणार कसा? उभ्या गाडीत ती फक्त वायरमधून वीज जाते का एवढंच तपासते. म्हणजे तुझा दोष वायरीत आहे. सेन्सरबरोबर त्याची वायरही नवी आली, तेव्हा संशय उरतो तिच्या टोकाच्या कनेक्टरवर आणि तिथून पुढच्या गाडीच्या वायरीवर. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक काढलं की तो कनेक्टर दिसेल. आपल्याकडचं रस्त्यावरचं मीठ तिथेच शिरतं.

मेकॅनिकला सांग, कनेक्टर जोडलेलाच ठेवून, किल्ली ऑन करून, मागून बारीक सुई घालून व्होल्टेज मोज आणि उजव्या चाकाच्या आकड्याशी ताडून बघ. कनेक्टर काढून मोजलं तर फसवणूक होते. गंजलेली पिनसुद्धा भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते.

प्रसाद

काका, ओमचं मान्य. पण माझं वेगळंच आहे: दिवा लागत नाही, पण सिग्नलला गाडी थांबता थांबता पेडल थरथरतं. अगदी शेवटच्या दोन-चार फुटांत, कोरड्या रस्त्यावर.

शिरीषकाका

तुझी गाडी जुनी, वेटोळ्याचा सेन्सर असेल. खाली गंज साचून सेन्सर वर उचलला गेला की मंद वेगात त्याचा सिग्नल क्षीण होतो. यंत्रणेला वाटतं चाक लॉक झालं, आणि ती ब्रेक सोडायला लागते. ओम तिथे बरोबरच येतील बघ! शक्यता सांगतोय, गाडी न बघता खात्री देत नाही. पण हे नीलिमाच्या दिव्यापेक्षा तातडीचं आहे, थांबायचं अंतर वाढतं.

नीलिमा

काका, उजवीकडे 11.4 व्होल्ट, डावीकडे 6, आणि वायर हलवली की आकडा नाचतो. गाडीच्या बाजूची एक पिन हिरवी पडली होती. मेकॅनिकने घासून दिली, तीन दिवस दिवा नाही. पण पाऊसही नाही. तो म्हणतो नवा कनेक्टर जोडू, डीलरकडचा माणूस म्हणतो या वायरीला सांधा चालत नाही, अख्खी वायर बदला. कोणाचं ऐकू?

शिरीषकाका

सांध्याबद्दल मतभेद आहेत. कंपनीचं पुस्तक काय म्हणतं ते आधी बघायला सांग. सांधा केलाच तर आतून गोंद असलेली, तापवून आवळणारी नळी हवी, नुसती काळी टेप नको. आणि त्याआधी पाण्याचा पाइप लावून ते चाक भिजव, दिवा लागतो का ते अंगणातच कळेल.