अनुभव धागा : कस्टमर केअरच्या कॉलचा सारांश लिहिताना काय निसटतं?

मी बँकेच्या कॉल सेंटरमध्ये कॉल तपासते. परवाचा एक कॉल सांगते. ३ जूनला एटीएममधून रोख आली नाही, पण खात्यातून ५,००० रुपये गेले. बाईंनी ६ तारखेला फोन केला. सारांशात लिहिलं होतं, ‘५ दिवसांत पैसे मिळतील असं सांगितलं.’ कॉलच्या लिखित प्रतीत मात्र होतं, ‘मशीनच्या हिशेबात रोख जास्त निघाली, तर ५ दिवसांत जमा होतील.’ तो ‘तर’ गळला. तुम्ही आश्वासन कसं टिपता?

जुनी_खातेवही : ‘तर’ गेलाच, पण ५ दिवस कधीपासून हेही गेलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमात हे दिवस व्यवहाराच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे मुदत ८ जून. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. सारांश वाचणारा ६ पासून मोजून ११ सांगणार. म्हणून मी ‘५ दिवसांत’ कधीच लिहीत नाही, तारीख लिहितो. आणि आश्वासन एजंटच्याच शब्दांत, अटीसकट.

कोकणकडा : मी फक्त शेवटची दोन मिनिटं वाचतो. एजंट तिथे सगळं परत सांगतोच.

धागाकर्ती : पुढची पावलं बहुतेक तिथे सापडतात, हे खरं. पण या कॉलमध्ये मध्येच एजंट म्हणाला होता, ‘सुपरवायझर उद्या दुपारी फोन करतील.’ बाई म्हणाल्या, ‘दुपारी मी वर्गावर असते, संध्याकाळी करा.’ त्यावर तो काहीच बोलला नाही आणि शेवटी ते आलंच नाही. मी ते आश्वासनात घेतलं. ‘ठरलेलं’ या रकान्यात नाही, कारण वेळेवर दोघांचा होकार नव्हता. ठरलं होतं एवढंच, की बाई त्याच दिवशी एसएमएसचा फोटो पाठवतील.

अबोली : मी ग्राहक, त्यामुळे माझं वेगळं असेल. इंटरनेट बंद पडलं तेव्हा फोन ठेवल्याठेवल्या मी वहीत लिहिलं, कोण येणार, कधी येणार. तेच कंपनीला ईमेल केलं. तिसऱ्या फोनला ‘असं कुणी म्हणालंच नाही’ ऐकलं, तेव्हा त्या ईमेलची तारीखच उपयोगी पडली.

सातारी : प्रत यंत्राने उतरवलेली असेल तर आकडे रेकॉर्डिंगवर ऐकाच. आमच्याकडे ‘दीड हजार’चं नुसतं ‘हजार’ झालं होतं. ‘होणार नाही’मधला ‘नाही’ही उडतो. पुढच्या वाक्यात ग्राहक चिडलेला दिसला की मी मागे जाऊन ऐकते.

कोकणकडा : बरं, ‘मी प्रयत्न करतो’ कुठे घालायचं?

जुनी_खातेवही : कुठेच नाही. ते आश्वासन नव्हे.

धागाकर्ती : मला पटत नाही. ग्राहक तेवढ्यावरच फोन ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच विचारतो. मी ते ‘मुदत दिली नाही’ असं लिहून आश्वासनांखाली ठेवते. आमच्या टीममध्ये यावर अजून दोन मतं आहेत.