मदत हवी आहे: दुधात कालवूनही गवती चहाच्या तेलाने अंग भाजले, चूक कुठे झाली?

सांजवेळ
काल रात्री आंघोळीच्या पाण्यात गवती चहाचे तेल दुधात कालवून टाकले होते. पहिल्या दोन मिनिटांतच खांद्यांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला आग होऊ लागली, म्हणून मी गार पाणी ओतत राहिलो, पण आग कमी न होता पाठीवर पसरली. आज तिथे लाल चट्टे आहेत. तेल थेट पाण्यात टाकू नये, दुधात मिसळून टाकावे, असे सगळीकडे लिहिलेले असते आणि मी नेमके तेच केले होते. मग असे का झाले? कृपया नेमके उत्तर द्यावे, कारण आज रात्री पुन्हा आंघोळ करायची आहे.

पंतवाडा
किती थेंब, किती दूध आणि किती पाणी, हे कळल्याशिवाय काय सांगणार? तेल शुद्ध होते की केसांना लावायचे सुगंधी तेल होते?

रानजाई
मी गेली ५ वर्षे दुधातच मिसळते आणि मला कधीही त्रास झालेला नाही. दुधात स्निग्धांश असतो आणि तेल त्या स्निग्धांशात विरघळते, त्यामुळे पद्धत बरोबरच आहे. आपले दूध पातळ असावे. म्हशीचे घ्यावे.

सांजवेळ
तेल शुद्ध होते, केरळहून आणलेली लहान बाटली आहे. दहा थेंब आणि अर्धी वाटी पिशवीचे दूध घेतले. पाणी नेहमीइतकेच होते.

साबणघर
नेहमीइतके म्हणजे टबभर की बादलीभर? कृपया एवढे सांगावे, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

सांजवेळ
बादली. वीस लिटरची. टब कोणाच्या घरी असतो?

साबणघर
मग झाले ते समजते. मी बारा वर्षे घरी साबण तयार करते, त्यामुळे तेल आणि पाणी यांची ही भांडणे रोज पाहते. दहा थेंब म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर. तो वीस लिटरमध्ये सारखा पसरला असता, तर चाळीस हजार भागांत एक भाग इतका विरळ झाला असता आणि आपल्याला काहीही झाले नसते. परंतु तेल पाण्यात विरघळत नाही. गवती चहाचे तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ते वर येऊन पातळ थर धरते. पाण्यात मग बुडवला की त्यात पाण्याबरोबर हा वरचा थरच आधी येतो. म्हणजे पहिल्या दोन-तीन मगांत जवळपास सगळे तेल आपल्या खांद्यांवर पडले, आणि तेही बाटलीत होते तितक्याच तीव्रतेचे. ते ओघळत जाऊन मांड्यांच्या घडीत अडकले, तिथली त्वचा पातळ असते. गरम पाण्याने त्वचा अधिक सहज शोषून घेते, हे त्यात भर घालते.

गार पाण्याने आग वाढली, कारण पाणी तेलाला धुऊन नेत नाही, फक्त पुढे ढकलते. अशा वेळी आधी खोबरेल तेल हलक्या हाताने चोळून ते कापडाने टिपावे, मग सौम्य साबणाने धुवावे आणि त्यानंतरच गार पाणी घ्यावे. चट्ट्यांवर फोड आले असतील किंवा दोन दिवसांत लाली उतरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आज रात्री मात्र कोणतेही सुगंधी तेल वापरू नये.

जुना_वारकरी
आमच्याकडे सर्दीला नीलगिरीचे तेल गरम पाण्यात टाकून वाफ घेतात. नातवाला तीन वर्षांचा असल्यापासून देतो. याबाबत कोणी सांगेल का?

पंतवाडा
काका, धागा आंघोळीचा आहे, पण एवढे सांगतो की इतक्या लहान मुलाच्या नाकाजवळ नीलगिरीचे तेल आणू नये. कृपया आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

रानजाई
साबणघर, आपण दुधाबद्दल काहीच बोलला नाहीत. माझा अनुभव खोटा आहे का?

साबणघर
अनुभव खोटा नाही, त्यामागचे कारण मात्र वेगळे असावे. आपण किती थेंब घालता?

रानजाई
दोन थेंब लव्हेंडर.

साबणघर
तेच म्हणते. लव्हेंडर सौम्य आहे आणि दोन थेंब फारच थोडे आहेत. दुधात बहुतांश पाणीच असते. त्यातला स्निग्धांश आधीच बारीक कणांत बंदिस्त असतो आणि चमच्याने ढवळल्याने बाहेरचे तेल त्या कणांत शिरत नाही. काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात चमचाभर दूध आणि एक थेंब तेल घालून पाहा. ढवळणे थांबवून मिनिटभराने दिव्याखाली तिरपे पाहिले, तर वर तेलाची चकचकीत वलये दिसतील. तेच तेल आधी चमचाभर सुगंधरहित शाम्पूत घोटून घातले, तर पाणी दुधाळ होते आणि वलये येत नाहीत. वलये दिसली की ते मिश्रण अंगावर घेऊ नये, एवढी एकच खूण पुरेशी आहे.

अनघा_डोंबिवली
आमच्या आजीची पद्धत यापेक्षा सोपी होती. दिवाळीत तिळाच्या तेलात सुगंधी तेल घालून अंगाला लावायचे, अर्ध्या तासाने उटणे लावून आंघोळ करायची. पाण्यात काही टाकण्याचा प्रश्नच येत नव्हता. ही पद्धत चुकीची आहे का?

साबणघर
उलट तीच सर्वांत विश्वासाची आहे, कारण तेल तेलात खरोखर विरघळते. गवती चहाचे तेल तिखट असल्याने अंगाला लावायच्या तेलात ते ०.७ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, अशी शिफारस आहे. पंधरा मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या चमच्यात, ते साधारण दोन थेंब होतात. सांजवेळ यांनी दहा थेंब घेतले होते. मात्र हे तेलाचे मिश्रण बादलीत ओतले, तर तेही वरच तरंगते. विरळ झालेले असल्याने भाजत नाही, पण फरशी निसरडी होते.

बादलीतच सुगंध हवा असेल, तर दोन थेंब एका चमचा शाम्पूत घोटावेत, मग त्यावर थोडे पाणी घालून पुन्हा ढवळावे आणि शेवटी ते बादलीत मिसळावे. फेस नको असेल, तर पॉलिसॉर्बेट २० हे तेल आणि पाणी एकजीव करणारे द्रव्य तेलाच्या चार ते आठ पट घेऊन आधी मिसळून घ्यावे. साबणाच्या कच्च्या मालाच्या दुकानात ते मिळते.

पंतवाडा
साबणघर, शाम्पूला माझा आक्षेप आहे. ज्यांची त्वचा कोरडी आहे, त्यांना तो आणखी कोरडी करेल. मी मीठ वापरतो आणि ते उत्तम काम करते.

साबणघर
शाम्पूबाबत आपला मुद्दा ग्राह्य आहे, त्यासाठीच पॉलिसॉर्बेटचा पर्याय दिला. मिठाबाबत मात्र मी सहमत नाही. मीठ तेल फक्त धरून ठेवते, आणि ते पाण्यात विरघळले की तेल मोकळे होऊन वर येते. पेल्यातला तोच प्रयोग मिठाने करून पाहावा.

रानजाई
मग साय घेतली तर? तिच्यात स्निग्धांश पुष्कळ असतो.

साबणघर
सायीने दुधापेक्षा बरे जमेल, असे मला वाटते, पण कितपत, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. माझ्या पेल्यात कधी वलये दिसली, कधी दिसली नाहीत.

सांजवेळ
पेल्यातला प्रयोग आताच केला. दुधाच्या पेल्यात वलये स्पष्ट दिसली, शाम्पूच्या पेल्यात एकही नाही. खोबरेल तेलानंतर आग थांबली आहे, चट्टे अजून आहेत. आता एक अडचण उरली आहे. बादली दोनदा पाण्याने धुतली, तरी वास जात नाही, आणि सकाळी मुलगी त्याच बादलीने आंघोळ करते.

साबणघर
प्लास्टिक हे तेल धरून ठेवते. भांडी धुण्याच्या साबणाने आतून काठापर्यंत घासून, गरम पाणी भरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा साबणाने धुवावे. मगालाही तसेच करावे. तरीही आत हात फिरवल्यावर बोटांना चिकट लागत असेल, तर मुलीला दुसरी बादली द्यावी.