'आपुलकीचा सूर' म्हणजे नेमका कसा?

"इन्स्टा, व्हॉट्सॲप, गूगल रिव्ह्यू आम्ही तिघं सांभाळतो. ब्रँड व्हॉइस, म्हणजे ग्राहकांशी कुठल्या सुरात बोलायचं ते, लिहून दिला, तरी तिघांचा सूर जुळत नाही. काय चुकतंय?"

नुसती विशेषणं लिहिली की हेच होतं. लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानासाठी आम्ही 'आपुलकीचा सूर' असं लिहिलं होतं. एकीने इन्स्टावर 'बघ गं, नवी पैठणी!' टाकलं, दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर 'आपली ऑर्डर प्राप्त झाली आहे'. दोघांच्याही मते ती आपुलकीच होती.

मग विशेषण खोडलं आणि नियम लिहिला: ग्राहकाला सगळीकडे 'तुम्ही'. 'तू' नाही, 'आपण'ही नाही. खाली जोडी दिली: 'आपली ऑर्डर प्राप्त झाली आहे' नको, 'तुमची ऑर्डर मिळाली, उद्या पाठवतो' हवं. प्लॅटफॉर्मप्रमाणे मोकळेपणा कमीजास्त होतो, तक्रारीच्या उत्तरात उद्गारचिन्ह येत नाही, पण 'तुम्ही' हलत नाही. या जोड्या मात्र तुमच्याच जुन्या मेसेजमधून काढा. मनाने रचलेली उदाहरणं कामाच्या वेळी उपयोगी पडत नाहीत.

महिन्याभराने 10 मेसेज नावं काढून एकत्र करा आणि कुठला कोणाचा ते टीमला ओळखायला सांगा. आमच्याकडे एक जण प्रत्येक उत्तरातल्या 'नक्कीच'वरून लगेच सापडला. तो शब्द 'नको'च्या रकान्यात गेला.